फराळाचा डबा परत करताना घालायची चिठ्ठी

दिवाळीत मैत्रिणीकडून फराळाचा डबा येतो. आपण फोन करून "पोचला गं, थँक्यू" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. डबा परत करताना त्यात दोन ओळी लिहून घालाव्यात असं वाटतं, पण कागद पुढ्यात घेतला की "फराळ छान झाला होता, मनापासून आभार" याच्यापुढे पेन हलत नाही. नोकरीसाठी किंवा लग्न होऊन नव्याने कोकणात आलेल्यांना तर आणखी एक गोष्ट लवकरच कळते: इथे डबा रिकामा परत जात नाही. त्यामुळे डब्यात काय घालायचं आणि सोबत काय लिहायचं, हे दोन्ही प्रश्न एकदमच समोर येतात. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. पहिल्याबद्दल शेवटी थोडं सांगितलं आहे.

चिठ्ठी लिहिताना एकच गोष्ट धरून चालायचं. पाठवणारीला आपल्या कौतुकापेक्षा डब्याचं पुढे काय झालं ते ऐकायचं असतं. कोणी उघडला, आधी काय संपलं, कोणाला काय आवडलं, काय मागे ठेवलंय. तिने दोन-तीन दिवस कढईसमोर उभं राहून जे केलं ते दुसऱ्या घरात गेल्यावर तिच्या नजरेआड होतं. चिठ्ठी तेवढं तिला दाखवते. बाकीचा मजकूर याच्या भोवतीचा आहे.

डबा हातात आला की

आधी झाकणावर एक कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर लिहा: कोणाकडून, कोणत्या दिवशी, आत काय काय, घरचं की विकतचं, आणि माहीत असेल तर कोणाच्या हातचं. दिवाळीच्या आठवड्यात एका घरात पाच-सहा डबे सहज येतात आणि स्टीलचे डबे सगळे सारखेच दिसतात. डब्यावर घातलेल्या नावावर तर अजिबात विसंबू नका. ते नाव बहुतेक वेळा मैत्रिणीच्या सासूबाईंचं असतं, किंवा कधीकाळी लग्नात तो डबा ज्यांनी आहेर म्हणून दिला त्यांचं. फराळ एकदा आपल्या डब्यांत ओतला की कुठली करंजी कुणाची हे कोणालाच सांगता येत नाही, आणि एकीच्या अनारशांबद्दल दुसरीला लिहिणं यासारखी पंचाईत नाही. तिने अनारसे केलेच नसतील तर ती चिठ्ठी वाचून काय समजेल?

घरचं की विकतचं हे आठवणीने लिहून ठेवा. मालवणी खाजं बहुतेक जण बाजारातून किंवा जत्रेतून आणतात. त्याबद्दल "किती सुरेख केलंस" असं लिहिलं तर पाठवणारी ओशाळते. तिथे "खाजं आठवणीने घातलंस" एवढं पुरेसं आहे, कारण तिने केलेली गोष्ट म्हणजे ती आठवण.

दुसरं काम त्याच दिवशीचं. डबा दुसऱ्या कोणाच्या हाती आला असेल, म्हणजे भावाने मोटारसायकलवरून आणला असेल किंवा ओळखीच्या कोणी एसटीतून, तर फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर एक ओळ कळवा: "डबा साडेदहाला पोचला, झाकण घट्ट होतं, काही मोडलं नाही." पाठवणारीच्या मनात नेमकं तेच घोळत असतं. अनारसा वाटेत तुटतो, लाडवांत चिवडा मिसळतो, करंजीची कड फुटून सारण बाहेर येतं. ही पोच तेवढ्यापुरतीच असते. फराळ कसा झाला हे त्यात घालू नका, कारण अजून चाखलेलाच नसतो, आणि न चाखता "मस्त झालाय" म्हटलेलं पाठवणारीला बरोबर कळतं.

केव्हा लिहायची

याचा अंदाज पदार्थाच्या टिकण्यावरून घ्या. गणपतीत मैत्रिणीने उकडीचे मोदक पाठवले असतील तर शब्द त्याच दिवशी जायला हवा, कारण मोदक त्याच दिवशी खायचे असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. अशा वेळी चिठ्ठीचा आग्रह न धरता फोन करा. ओल्या नारळाच्या वड्या आणि रवा-नारळाचे लाडू आपल्या दमट हवेत थोडेच दिवस राहतात, म्हणून त्यांच्याबद्दल दोन-तीन दिवसांत लिहा. चकली, कडबोळी, शंकरपाळे, खाजं यांना घाई नाही. पण तुळशीच्या लग्नापर्यंत डबा आणि चिठ्ठी दोन्ही परत गेलेली बरी. त्यानंतर डबा परत गेला तर "राहूनच गेला होता" अशी सारवासारव करत बसावं लागतं, आणि चिठ्ठीची पहिली ओळ त्यातच खर्च होते.

एक वेगळी मुदत चाकरमान्यांची. गणपतीला मुंबईहून आलेला मित्र पेढ्यांचा किंवा माव्याच्या मोदकांचा बॉक्स देऊन जातो आणि गौरी-गणपती विसर्जनानंतर परतीच्या गाडीत बसतो. त्याचा डबा परत करायचा नसतो, त्यामुळे चिठ्ठीही राहते. त्याला ती हातात द्यायची असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी द्या. निघतानाच्या सकाळी त्या घरात नारळ, तांदूळ, कोकम यांच्या पिशव्या बांधायची धांदल असते आणि चिठ्ठी त्यातल्याच एखाद्या पिशवीच्या तळाशी जाते. निसटलीच वेळ, तर तो मुंबईला पोचल्यावर दोन दिवसांनी मेसेज करा. तेव्हा तो वाचायच्या मनःस्थितीत असतो.

चिठ्ठीत काय असतं

सहा ते आठ वाक्यं पुरतात. त्याहून लांबलं की ते पत्र होतं आणि पत्राला उत्तर द्यावं लागतं.

वर उजवीकडे तारीख किंवा दिवस. "पाडवा" एवढं लिहिलं तरी चालतं, उलट छान दिसतं. मग संबोधन. बरोबरीच्या मैत्रिणीला किंवा मित्राला "प्रिय" आणि रोजचं नाव. तिला एरवी बायो म्हणत असाल तर चिठ्ठीतही बायोच. "सौ." किंवा "श्रीमती" मैत्रीत परकं वाटतं. डबा तिच्या आईने किंवा सासूबाईंनी पाठवलाय हे माहीत असेल तर चिठ्ठी सरळ त्यांच्या नावेच लिहा: "ती. काकूंस, सा. न." आणि मजकुरात "तुम्ही". मैत्रिणीच्या चिठ्ठीत "काकूंना सांग" लिहिलं तर निरोप पोचतो, पण काकू स्वतःच्या नावाची चिठ्ठी फडताळात जपून ठेवतात.

पहिलं वाक्य डबा आला त्या वेळेचं. घरात तेव्हा काय चाललं होतं, कोणी दार उघडलं. इथे "तू पाठवलेला फराळ मिळाला" हे वाक्य टाळा. ते पोचपावतीचं वाक्य आहे आणि ती पोच आधीच देऊन झाली आहे.

त्यानंतर एक पदार्थ. एकच, फार तर दोन. पाचही पदार्थांची नावं घेऊन प्रत्येकाला "छान" लावलं की सगळे सारखे होतात आणि वाचणारीला वाटतं की हिने काहीच नीट खाल्लं नाही. ज्यात सगळ्यात जास्त कष्ट आणि सगळ्यात जास्त धास्ती तो पदार्थ निवडा. यासाठी तो कसा बिघडतो हे थोडं माहीत असायला हवं.

अनारसेच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग कपड्यावर पसरून जरा ओलसर असतानाच दळायचे किंवा कुटायचे, गूळ किंवा साखर घालून पीठ काही दिवस मुरवायचं, आणि खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. अनारसा उलटत नाहीत, वरून झाऱ्याने तूप उडवतात. एवढं करून तो कढईत हसला, म्हणजे विरघळून पसरला, की सगळी मेहनत तुपात. म्हणून अनारशाबद्दल लिहायचं असेल तर जाळीबद्दल लिहा. "गोड होते" हे कोणीही लिहील. "जाळी छान मोकळी पडली होती" हे ज्याने अनारसा हातात धरून पाहिला तोच लिहितो.

चकलीचं मोहन कमी पडलं तर ती कडक होते, जास्त झालं तर सोऱ्यातून पाडतानाच तुकडे पडतात. तेव्हा चकलीचे काटे आणि खुसखुशीतपणा यांवर एक ओळ पुरे. करंजीत पाहायची ती कड आणि पापुद्रा. तळताना एकही फुटली नसेल तर तेवढंच लिहा. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजा. पारी न फाटता पंधरा-सोळा कळ्या आणणाऱ्या हाताला ते मोजलेलं कळलं की आनंद होतो. रवा-नारळाच्या लाडवाचं सगळं मर्म पाकात. पाक कच्चा राहिला तर लाडू बसतो, पुढे गेला तर दगड. तो हाताने फुटत असेल आणि तरी आकार धरून असेल, तर पाक साधलाय.

पदार्थानंतर माणूस. कोणी खाल्लं, कोणी दुसऱ्यांदा मागितलं, कोणासाठी काय राखून ठेवलंय. घरातली धाकटी, सासरे, शेजारच्या मावशी, कोणीही चालेल, पण नाव किंवा नातं असू दे. "सगळ्यांना आवडलं" यातून कोणीच डोळ्यांसमोर उभं राहत नाही.

शेवटी पुढच्या भेटीचं एक वाक्य आणि खाली "तुझी" किंवा "तुझा" आणि नाव. "कळावे, लोभ असावा" मोठ्यांच्या चिठ्ठीत शोभतं. मैत्रिणीला ते नको.

आभाराचा शब्द हवाच असेल तर एकदाच घ्या, आणि तो पहिल्या ओळीत नको. पदार्थ आणि माणूस यांच्याबद्दल लिहून झालं की तो आपोआप जागेवर बसतो. बऱ्याचदा त्याची गरजही उरत नाही.

एक चिठ्ठी, दोनदा लिहिलेली

समजा कुडाळच्या मेधाने वेंगुर्ल्याच्या स्मितासाठी डबा पाठवला. चावदिसाची, म्हणजे नरकचतुर्दशीची सकाळ. कारीट फोडून, आंघोळी उरकून घरात पोह्यांची ताटं मांडली आहेत: गोडे पोहे, तिखट पोहे, ताकातले पोहे. तेवढ्यात मेधाचा भाऊ दारात डबा देऊन जातो. आत भाजणीची चकली, अनारसे, रवा-नारळाचे लाडू आणि पुडीत खाजं. स्मिताने पहिल्यांदा असं लिहिलं:

"प्रिय मेधा, तू पाठवलेला फराळ मिळाला. चकली, अनारसे, लाडू, खाजे सर्वच अप्रतिम होते. कशाला एवढा त्रास घेतलास? यंदा आलेल्या सगळ्या फराळात तुझाच उत्तम. आम्हीही लवकरच आमच्याकडचे पाठवतो. तुला व तुझ्या कुटुंबीयांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. तुझी स्मिता."

यात खोटं काही नाही, तरी प्रत्येक वाक्य कुठेतरी अडतं. पहिली दोन वाक्यं कोणत्याही डब्याला लागू होतील. खाजं विकतचं असून कौतुकात ओढलं गेलंय. "कशाला एवढा त्रास" हे तोंडी लाडाने म्हटलेलं गोड लागतं, कागदावर मात्र रागावल्यासारखं दिसतं, आणि मेधाला त्याचं उत्तर शोधावं लागतं. "तुझाच उत्तम" हे सगळ्यात धोक्याचं. चिठ्ठी घरात मोठ्याने वाचली जाते, वाचताना शेजारीण बसलेली असू शकते, आणि कदाचित स्मिताला डबा तिनेही पाठवला असेल. "आम्हीही पाठवतो" म्हटलं की डब्याची परतफेड होते. पाठवायचं असेल तर पाठवावं, सांगू नये. शेवटचं वाक्य तर दुकानाच्या कॅलेंडरवरही असतं.

दुसऱ्यांदा तिने झाकणावरची पट्टी समोर ठेवली आणि दोन दिवसांत काय काय झालं ते आठवलं:

"पाडवा

प्रिय मेधा,

डबा आला तेव्हा आम्ही पोह्यांच्या ताटावर होतो. दादा दारातूनच गेला, चहालाही थांबला नाही, त्याला सांग की हे चालणार नाही. अनारसे त्याच दुपारी संपले. बाबांनी एक उजेडाकडे धरून जाळी बघितली, मग म्हणाले, हे पीठ नीट मुरलंय. लाडू ओल्या नारळाचे म्हणून आधी काढले, आणि ओवीने रोज दुधाबरोबर एक मागून घेतला. चकली झाकून ठेवली आहे, भाऊबीजेला आत्या येतील त्यांच्यासाठी. खाजं आठवणीने घातलंस, ते माझ्या एकटीचं आहे. तुळशीच्या लग्नाला इकडे येशील तेव्हा अनारशाचं पीठ किती दिवस ठेवलंस ते सांग.

तुझी स्मिता"

यात "धन्यवाद" कुठेच नाही आणि कोणाला त्याची उणीवही भासत नाही. मेधाला कळतं की डबा वेळेत पोचला, अनारसे जमले, ओला नारळ वाया गेला नाही, चकलीला मान मिळाला आणि खाजं योग्य माणसाकडे गेलं. शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. कृती विचारणं हे कौतुकच असतं, पण एकाच गोष्टीबद्दल विचारा. पूर्ण पाककृती मागितली की ते काम होतं.

दोन्ही चिठ्ठ्यांमधला खरा फरक दोन दिवसांचा आहे. पहिली डबा उघडायच्या आधीही लिहिता आली असती. दुसरी पाडव्यापर्यंत थांबल्याशिवाय लिहिताच आली नसती. तुमची चिठ्ठी पहिल्यासारखी होतेय असं वाटलं तर शब्द घासत बसू नका. एक दिवस थांबा आणि घरात काय होतंय ते बघा.

जिथे अडतं

पदार्थ आवडलाच नाही तर? चकली कडक झाली, चिवड्यात मीठ जास्त. त्याबद्दल लिहूच नका, दुसऱ्या पदार्थाबद्दल लिहा. अख्ख्या डब्यात एखादी तरी गोष्ट नीट झालेली असते. चकली मऊ पडली असेल तर आधी स्वतःकडे बघा. झाकण नीट लागलं नसेल तर दिवाळीतल्या एका संध्याकाळच्या पावसातही ती सादळते, त्यात पाठवणारीचा काही दोष नाही.

घरात मधुमेह असेल आणि डबा सगळा गोडाचा, तरी "आम्हाला चालत नाही" असं लिहू नका, आणि खाल्लं असंही लिहू नका. ज्याने खाल्लं त्याच्याबद्दल लिहा. बाबांनी एकच तुकडा चाखला असेल तर तो तुकडाही सांगण्याजोगा आहे. पुढच्या वर्षासाठी मैत्रिणीला कळायला हवं असेल तर ते वर्षभरात कधीतरी बोलता बोलता सांगा.

पदार्थ खराब निघाला तर मात्र वेगळं वागायचं. ओल्या नारळाच्या वडीला आंबूस वास येतो, मोडली की चिकट तार सुटते, कधी पांढुरकी बुरशी दिसते. हे दिसलं की त्याच मिनिटाला फोन करा. चिठ्ठीची वाट पाहू नका आणि संकोचही नको. त्याच घाण्यातल्या वड्या तिने आणखी चार घरी दिलेल्या असतात आणि तिथली लहान मुलं त्या खात असतात. फोनवर सरळ सांगा: "वड्यांना हवामान बाधलंय असं वाटतं, तुझ्याकडच्या बघून घे." मग चिठ्ठी बाकीच्या फराळाबद्दल लिहा आणि तिच्यात वडीचा उल्लेख करू नका.

व्हॉट्सअॅपवरच लिहायचं ठरलं तरी मजकूर हाच. फक्त तो तिला एकटीला पाठवा, मैत्रिणींच्या ग्रुपवर नाही. ग्रुपमधल्या ज्या तिघींना डबा गेला नाही त्यांना ते तिथेच कळतं, आणि तोंड द्यावं लागतं ते पाठवणारीला. फोटो पाठवायचा असेल तर भरलेल्या डब्याचा नको, तो तिने स्वतः काढून ठेवलेला असतो. अर्धा संपलेल्या ताटाचा पाठवा. दिव्यांच्या फॉरवर्ड चित्राखाली "फराळ मस्त" लिहिलेलं मात्र धरू नये. ते चित्र त्या दिवशी तिला वीस जणांकडून आलेलं असतं.

सणाचं वर्ष नसलेलं घर

ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे त्या दिवाळीला फराळ करत नाहीत. शेजारी, नातेवाईक, मित्र आणून देतात. अशा घरातून चिठ्ठी लिहायची असेल तर शुभेच्छांची ओळ गाळा आणि मजकूर तीन-चार वाक्यांवर आणा. पदार्थाचं वर्णनही नको. मुलांनी खाल्लं, आईने चार घास जास्त घेतले, एवढं पुरतं. गेलेल्या माणसाचा त्या पदार्थाशी काही संबंध असेल आणि लिहावंसं वाटलं तर एक वाक्य लिहा: "अण्णांना कडबोळी आवडायची हे तुझ्या लक्षात होतं." पाठवणारीने बहुधा त्याचसाठी कडबोळी घातलेली असते. या चिठ्ठीला घाई नाही, ती महिन्याने गेली तरी चालते, आणि डब्यात काही भरून येईल अशी अपेक्षाही कोणी धरत नाही. लिहवत नसेल तर डबा परत देताना दोन मिनिटं बसून बोला.

ईदला मित्राच्या घरून शीरखुर्मा आला किंवा नाताळात शेजारून नेवऱ्या आणि केक आला, तरी रीत हीच. सणाच्या शुभेच्छा मात्र त्यांच्या सणाच्या, आणि त्या आधी: "ईद मुबारक" किंवा "नाताळच्या शुभेच्छा". पदार्थाला ते जे नाव देतात तेच लिहा. नेवरी आपल्या करंजीसारखी दिसली तरी चिठ्ठीत ती नेवरीच. केकमध्ये अंडं असतं आणि घरातलं कोणी खात नसेल, तर ज्याने खाल्लं त्याच्याबद्दल लिहा, मधुमेहाच्या बाबतीत सांगितलं तसंच.

गणपतीचा प्रसाद म्हणून मोदक आले असतील तर पहिली ओळ "प्रसाद पोचला" अशी असू दे, आणि कळ्यांबद्दल त्यानंतर. काही घरांत प्रसादाच्या चवीवर बोललेलं आवडत नाही. तिथे फक्त कोणाकोणाला वाटला ते लिहा.

कागद, पेन आणि डबा

साध्या रेघी कागदाचं चौथाई पान पुरतं. बॉलपेनने लिहा. गणपतीच्या दिवसांत तर हवेतच इतकं पाणी असतं की शाईपेनाचं आणि काही जेलपेनांचं अक्षर हात लागताच फिसकटतं. छापील कार्डावर आधीच दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि आपल्याला सही करण्यापुरती जागा उरते, म्हणून ते टाळा.

डबा साबणाने दोनदा धुवा. चकलीच्या तेलाचा वास झाकणाच्या खाचेत राहतो, तिथे जुना दातांचा ब्रश फिरवा. मग उन्हात पालथा घाला. नुसता पुसून बंद केला तर आतल्या ओलीने वास धरतो. आत काय घालायचं हे घरात काय आहे त्यावर: मूठभर साखर, एक नारळ, आमसुलांची पुडी, नव्या भाताचे पोहे. आलेल्या फराळाच्या तोलामोलाचं काही घालू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तिला आणखी मोठा डबा पाठवावा लागतो. तिने चकली पाठवली असेल तर आपली चकली घालू नका.

चिठ्ठी डब्यात सुटी ठेवलीत तर नारळाचं पाणी किंवा आमसुलाचा ओलावा तिला लागतो आणि अक्षर लालसर होऊन जातं. चार घड्या करून छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड दुमडा आणि वस्तूंच्या वर, झाकणाच्या लगेच खाली ठेवा, म्हणजे डबा उघडताच ती हाताला लागेल. मैत्रिणीच्या सासूबाई डबा उघडतील असं वाटत असेल तर बाहेरून तिचं नाव लिहा. एसटीने पाठवत असाल तर झाकणाला चिकटपट्टी लावा, आणि कोणत्या गाडीने डबा निघालाय ते तिला फोन करून कळवा.